संविधान कसं लिहिलं गेलं याचं टिपण: एकच कलम धरून सुरुवातीपासून शेवटापर्यंत

भारताचं संविधान कसं तयार झालं यावर टिपण लिहायला सांगितलं की बहुतेक विद्यार्थी तारखांची यादी करतात. संविधान सभा कधी भरली, मसुदा समितीत कोण होतं, किती दिवस लागले, कधी स्वीकारलं. यादी बरोबर असते, पण ती वाचून संविधान "घडलं" म्हणजे नेमकं काय झालं हे कळत नाही. कोणी काय सुचवलं, कोणी अडवलं, शब्द का बदलले, मत कधी पडलं, हे सगळं त्यात हरवतं.

मी अकरावी-बारावीच्या आणि बीएच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हा भाग शिकवते. माझा अनुभव असा की एकच कलम निवडून त्याचा प्रवास पाहिला तर पूर्ण प्रक्रिया आपोआप समजते. म्हणून या लेखात आपण आजचं कलम 21 घेणार आहोत, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हक्क. ते एका ओळीचं कलम आहे. पण त्याचे शब्द समितीत एक होते आणि मसुद्यात दुसरे झाले. सभागृहात त्यावर वाद झाला, वादाअंती मसुद्याचेच शब्द टिकले आणि नऊ महिन्यांनी त्याची भरपाई म्हणून शेजारी एक नवं कलम आलं. टिपणासाठी इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

1. आधी हाताशी काय असावं

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते मूळ स्वरूपात हवं. गाइडमधला उतारा चालणार नाही.

- आजचं संविधान, मराठी प्रत. राज्य शासनाची अधिकृत मराठी आवृत्ती असेल तर उत्तम.
- फेब्रुवारी 1948 चा मसुदा. मसुदा समितीने संविधान सभेच्या अध्यक्षांना सादर केलेला हा दस्तऐवज आहे. त्यात 315 कलमं आणि 8 परिशिष्टं आहेत. मुख्य म्हणजे काही कलमांखाली समितीने तळटीपा दिल्या आहेत.
- संविधान सभेच्या चर्चांचे अधिकृत खंड. एकूण 12 खंड आहेत. आपल्याला तीन पुरतील: तिसरा (एप्रिल-मे 1947), सातवा (नोव्हेंबर 1948 ते जानेवारी 1949) आणि नववा (जुलै ते सप्टेंबर 1949). ते लोकसभेच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.
- एक वही. तिच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखा: तारीख, कोणी काय मांडलं, आणि त्याचं पुढे काय झालं.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. मुलं भाषणं उतरवून घेतात, पण ती दुरुस्ती मंजूर झाली की फेटाळली गेली, हे लिहायचंच राहून जातं.

चर्चा बहुतांश इंग्रजीत आहेत. काही सभासद हिंदुस्थानीत बोलले, आणि त्यांच्या भाषणापाशी ते भाषांतर असल्याची नोंद इंग्रजी खंडांत आहे. असं वाक्य उद्धृत करताना ते वक्त्याचे मूळ शब्द नाहीत, हे लक्षात ठेवा.

2. कलमाचा जुना क्रमांक शोधा

बहुतेकजण अडकतात ते इथेच. आजचं कलम 21 चर्चेच्या खंडात "21" म्हणून शोधलंत तर भलतंच काहीतरी समोर येईल. 1948 च्या मसुद्यात या कलमाचा क्रमांक 15 होता. आजचं कलम 15 भेदभावाला मनाई करणारं आहे. ते वेगळं आणि मसुद्यातलं 15 वेगळं. अस्पृश्यता नष्ट करणारं आजचं कलम 17 मसुद्यात 11 होतं.

त्याहून जुना टप्पा पाहायला गेलात तर क्रमांक आणखी बदलतो, कारण एप्रिल 1947 मध्ये सभेपुढे आला तो फक्त मूलभूत हक्कांचा अंतरिम अहवाल होता. त्यातल्या तरतुदींना स्वतःचे वेगळे क्रमांक होते.

म्हणून टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहून टाका: "आजचं कलम 21 = मसुद्यातील कलम 15." पुढचा सगळा गोंधळ टळतो.

3. संस्थांची चौकट चार-पाच ओळींत मांडा, जास्त नको

संविधान सभा कॅबिनेट मिशनच्या योजनेनुसार 1946 मध्ये निवडली गेली. मतदान सामान्य जनतेने केलं नाही. प्रांतिक विधानसभांच्या सदस्यांनी केलं, साधारण दहा लाख लोकसंख्येमागे एक जागा या हिशेबाने. पहिली बैठक 9 डिसेंबर 1946 ला दिल्लीत झाली. 11 डिसेंबरला राजेंद्र प्रसाद अध्यक्ष झाले. 13 डिसेंबरला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला आणि तो 22 जानेवारी 1947 ला संमत झाला. मधल्या काळात मुंबईचे बॅ. मुकुंदराव जयकर यांनी, मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा, अशी दुरुस्ती मांडली होती. फाळणीनंतर डॉ. आंबेडकरांची बंगालमधली जागा गेली, तेव्हा ते जयकरांनी सोडलेल्या मुंबईच्या जागेवरून सभेत परत आले. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा दुवा माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर काम समित्यांकडे गेलं. मूलभूत हक्कांसाठी वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती होती आणि तिच्या आत आचार्य कृपलानी यांच्या अध्यक्षतेखाली मूलभूत हक्कांची उपसमिती. समित्यांचे अहवाल सभेने पाहिले, मग संवैधानिक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी ऑक्टोबर 1947 मध्ये पहिला मसुदा केला. 29 ऑगस्ट 1947 ला नेमलेल्या आंबेडकरांच्या मसुदा समितीने तो तपासून फेब्रुवारी 1948 चा मसुदा दिला.

इथे थांबा. समित्यांची पूर्ण यादी टिपणात कोंबू नका. कलमाच्या प्रवासात जी समिती आली तीच लिहा.

4. समितीतले शब्द नोंदवा

आता मूळ विषय. उपसमितीत कन्हैयालाल मुन्शी यांनी अमेरिकेच्या संविधानातली कल्पना आणली: "ड्यू प्रोसेस ऑफ लॉ"शिवाय कोणाचंही जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. मराठीत "योग्य कायदेशीर प्रक्रिया" म्हणता येईल. पण त्या शब्दांत "योग्य" काय हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाकडे जातो, हा खरा मुद्दा आहे. विधिमंडळाने कायदा केला, पोलिसांनी तो पाळला, एवढ्याने भागत नाही. तो कायदाच न्याय्य आहे का, हेही न्यायाधीश विचारू शकतात.

यातला "मालमत्ता" हा शब्द समितीच्या टप्प्यातच गळला. जमीनदारी रद्द करण्याचे कायदे येणार होते. मालमत्तेला हे संरक्षण दिलं तर ते कायदे न्यायालयात अडकतील, अशी भीती होती. गोविंद वल्लभ पंत यांचा त्यावर विशेष आक्षेप होता. एप्रिल 1947 च्या शेवटी पटेलांनी सभेपुढे अंतरिम अहवाल ठेवला, तेव्हा त्यात "जीवित किंवा स्वातंत्र्य" एवढंच होतं, पण "ड्यू प्रोसेस" कायम होतं. सभेने ते मान्य केलं.

वहीत लिहा: एप्रिल 1947, "ड्यू प्रोसेस"सह मान्य. मालमत्ता वगळली.

5. मसुद्यात काय बदललं ते तळटीपेतून काढा

फेब्रुवारी 1948 चा मसुदा उघडा आणि कलम 15 पाहा. सभेने मान्य केलेले शब्द तिथे नाहीत. "ड्यू प्रोसेस"च्या जागी "कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार असेल ते सोडून" अशा अर्थाची शब्दरचना आहे. "स्वातंत्र्य"च्या आधी "व्यक्तिगत" हा शब्द आला आहे. खाली तळटीप आहे. तिच्यात समिती म्हणते की "व्यक्तिगत" हा शब्द नसेल तर स्वातंत्र्याचा अर्थ फार व्यापक लावला जाईल आणि भाषण, संचार वगैरे ज्या स्वातंत्र्यांची सोय मसुद्यातील कलम 13 मध्ये वेगळी केली आहे तीही यात येतील. आणि नवी शब्दरचना अधिक निश्चित आहे, तिला जपानच्या 1946 च्या संविधानातल्या कलम 31 चा आधार आहे.

सभेने मंजूर केलेला शब्द समितीने बदलला, हे वाचून मुलं चमकतात. असं करता येतं का? समितीला बदल सुचवता येत होता. त्याला मान्यता देणं वा न देणं पुन्हा सभेच्याच हातात होतं. म्हणूनच तळटीप दिली आहे: आम्ही हे बदललं, का बदललं ते असं.

आता कारणं. तळटीपेत कायद्याची भाषा आहे, पण तिच्यामागे दोन गोष्टी घडल्या होत्या.

पहिली म्हणजे 1947 च्या शेवटच्या महिन्यांत बी. एन. राव अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटनला जाऊन तिथल्या न्यायाधीशांना आणि कायदेपंडितांना भेटले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितलं की ड्यू प्रोसेसमुळे निवडून आलेल्या विधिमंडळाचे कायदे उलथवण्याचा अधिकार मूठभर न्यायाधीशांच्या हाती जातो. हे लोकशाहीला धरून नाही आणि न्यायालयांवरही त्याचं ओझं पडतं. या मताला अमेरिकेतला ताजा अनुभव होता. कामाचे तास, किमान वेतन असे कामगारांच्या बाजूचे कायदे तिथल्या न्यायालयांनी याच शब्दांच्या जोरावर रद्द केले होते.

दुसरी गोष्ट देशातली. फाळणीच्या दंगली नुकत्याच झाल्या होत्या. मुंबईसह अनेक प्रांतांत सार्वजनिक सुरक्षेचे कायदे लागू होते आणि त्यांखाली खटला न चालवता माणसांना स्थानबद्ध करता येत होतं. "ड्यू प्रोसेस" ठेवलं असतं तर या कायद्यांवर न्यायालयात लगेच प्रश्न उभा राहिला असता.

टिपणात दोन्ही कारणं द्या. परदेशातून सल्ला आला म्हणून शब्द बदलला, एवढंच लिहिलं तर ते अर्धं सत्य होतं. मला स्वतःला दुसरं कारण जास्त जड वाटतं.

6. सभागृहातली चर्चा कशी वाचायची

मसुदा 4 नोव्हेंबर 1948 ला आंबेडकरांनी सभेपुढे मांडला. आधी त्यावर सर्वसाधारण चर्चा झाली. 15 नोव्हेंबर 1948 पासून एकेक कलम घेऊन चर्चा सुरू झाली आणि ती 17 ऑक्टोबर 1949 पर्यंत चालली. यालाच दुसरं वाचन म्हणतात. शब्दांवरची खरी लढाई इथे आहे. तिसरं वाचन नोव्हेंबर 1949 मध्ये झालं. त्यात बहुतेक भाषणं पूर्ण संविधानावरची, समारोपाची आहेत. एका कलमाचा अर्थ शोधताना ती फारशी कामाला येत नाहीत.

खंडात एखाद्या कलमाची चर्चा साधारण अशी चालते. पीठासीन अधिकारी कलम क्रमांक पुकारतात. मग आधीच छापून वाटलेल्या दुरुस्त्या क्रमांकाने पुकारल्या जातात. सभासद उभा राहून "मी मांडतो" म्हणतो, नाहीतर दुरुस्ती मांडली जात नाही आणि तिथेच संपते. सगळ्या मांडून झाल्या की भाषणं, मग आंबेडकरांचं किंवा समितीतल्या दुसऱ्या कोणाचं उत्तर, आणि शेवटी एकेका दुरुस्तीवर मत. संविधान पूर्ण होईपर्यंत 7,635 दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. म्हणजे छापील यादीतली दुरुस्ती दिसली म्हणून ती चर्चेला आली असं धरू नका. ती "मांडली" की नाही ते पाहा.

पीठासीन कोण आहे तेही बघा. 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या बैठकांत अध्यक्षस्थानी बहुधा उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी आहेत, त्यामुळे सभासद "उपाध्यक्ष महोदय" म्हणतात. आणि जिथे इंग्रजीत "प्रेसिडेंट" येतं तिथे ते राष्ट्रपती नव्हेत, सभेचे अध्यक्ष. राष्ट्रपतिपद तेव्हा अस्तित्वातच नव्हतं.

आता आपलं कलम. मसुद्यातील कलम 15 चर्चेला आलं 6 डिसेंबर 1948 ला. मध्य प्रांत व वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली की "कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती" काढून "ड्यू प्रोसेस" परत आणावं. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. कायद्यात सांगितलेली पद्धत पाळली गेली एवढं दिसलं की न्यायालयाचं काम संपेल, मग कायदा कितीही जुलमी असो. पूर्व पंजाबचे पंडित ठाकूरदास भार्गव यांनीही हीच बाजू लावून धरली.

सगळ्यात लक्षात घेण्यासारखं म्हणजे मसुदा समितीचे सभासद या प्रश्नावर एकमेकांच्या विरोधात उभे राहिले. मुन्शी स्वतः समितीत होते, तरी त्यांनी ड्यू प्रोसेसची बाजू घेतली. बहुमत मिळालेल्या पक्षाला घाईघाईने पोलिसांना अमर्याद अधिकार देणारे कायदे करण्याचा मोह होतो, त्यामुळे व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि समाजाचं नियंत्रण यांत तोल राखण्यासाठी न्यायालय हवं, असं त्यांचं म्हणणं. समितीतलेच अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी उलट बाजू मांडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांचा अर्थ वेळोवेळी वेगवेगळा लावला आहे, त्यात सुसंगती नाही, आणि आपल्याकडे सामाजिक सुधारणेचे कायदे त्यामुळे अडतील, असं ते म्हणाले.

मत त्या दिवशी पडलं नाही. 13 डिसेंबरला आंबेडकर उत्तराला उभे राहिले. त्यांचं हे भाषण पूर्ण वाचा, दोन पानांचंही नाही. त्यांनी दोन्ही बाजू समोर ठेवल्या. एका पक्षाच्या माणसांनी भरलेलं विधिमंडळ मूलभूत तत्त्वं पायदळी तुडवणारे कायदे करू शकेल, ही शक्यता मी नाकारत नाही, असं ते म्हणाले. त्याचबरोबर न्यायालयात बसलेल्या पाच-सहा गृहस्थांनी आपल्या विवेकानुसार किंवा पूर्वग्रहानुसार कोणता कायदा चांगला आणि कोणता वाईट हे ठरवावं, यावरही कसा विश्वास ठेवायचा, असं त्यांनी विचारलं. आणि त्यांनी निर्णय सभागृहावर सोडला. मसुदा समितीच्या अध्यक्षाने समितीच्याच शब्दांसाठी आग्रह धरला नाही, हे त्या भाषणात ठळक दिसतं.

मतदानात दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. मसुद्यातले शब्द राहिले.

7. कलम मंजूर झालं म्हणजे गोष्ट संपली असं समजू नका

बहुतेक टिपणं 13 डिसेंबरला थांबतात. तिथे थांबलात तर अर्धा प्रवास सुटतो.

मंजूर झालेल्या कलम 15 वर सभागृहाबाहेर जोरदार टीका झाली. 15 सप्टेंबर 1949 ला आंबेडकरांनी एक नवं कलम आणलं, क्रमांक 15 अ. मांडताना त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की मसुद्यातल्या दुसऱ्या कोणत्याही भागावर जनतेने कलम 15 इतकी कडक टीका केलेली नाही, आणि हे नवं कलम ही एका अर्थाने त्याची भरपाई आहे.

15 अ मध्ये होतं काय? अटक झालेल्याला अटकेची कारणं लवकरात लवकर सांगितली पाहिजेत. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे हजर केलं पाहिजे. इथे कोणीही विचारेल की हे तर फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होतं. हा प्रश्न आंबेडकरांनी स्वतःच घेतला. फरक असा, त्यांनी सांगितलं, की संहितेतली तरतूद संसद किंवा प्रांताचं विधिमंडळ साध्या कायद्याने काढून टाकू शकतं. संविधानात घातली की त्यांना तिला हात लावता येणार नाही. वर्गात हे वाक्य सांगितलं की "मूलभूत हक्क" म्हणजे साध्या कायद्यापेक्षा वेगळं काय, हे मुलांना पहिल्यांदा नीट उमगतं.

पण त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागाही दिली गेली. म्हणजे गुन्हा घडल्याबद्दल नव्हे, तर घडू नये म्हणून खटल्याशिवाय डांबणं. मर्यादा घातली ती अशी की तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायचं असेल तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या पात्रतेच्या व्यक्तींचं सल्लागार मंडळ पुरेसं कारण आहे असं म्हणालं पाहिजे. त्यालाही संसदेच्या कायद्याने अपवाद करता येणार होते. लाहोर उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश बक्षी टेकचंद यांनी यावर कठोर टीका केली. शांततेच्या काळात खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याची सोय संविधानातच लिहून ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. स्थानबद्ध केलेल्याला कारणं कळवावीत आणि त्याला आपलं म्हणणं मांडण्याची संधी द्यावी, ही तरतूद याच चर्चेच्या ओघात कलमात आली.

शेवटी सगळी कलमं नव्याने क्रमांकित झाली तेव्हा मसुद्यातलं 15 फुटलं. त्यातला समानतेचा भाग आजच्या कलम 14 मध्ये गेला, जीवित आणि स्वातंत्र्याचा भाग 21 झाला आणि 15 अ झालं 22. संविधान 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकारलं गेलं, तेव्हा त्यात 395 कलमं होती.

8. टिपणात हमखास होणाऱ्या गफलती

"आंबेडकरांनी संविधान लिहिलं" आणि "संविधान परदेशातून उचललं", ही दोन्ही वाक्यं आपल्या कलमाच्या प्रवासाला लावून पाहा. दोन्ही टिकत नाहीत. शब्द मुन्शींनी आणला, रावांच्या भेटींनी त्यावर शंका उभी केली, समितीने बदलला, सभेने मतदानाने ठेवला, टीकेमुळे आंबेडकरांनी शेजारी नवं कलम बांधलं. जपानचे शब्द घेतले खरे, पण ते का घेतले त्याची कारणं इथली होती. आंबेडकरांचं श्रेय यामुळे कमी होत नाही. वर्षभर जवळपास प्रत्येक कलमावर उभं राहून उत्तर देण्याचं काम त्यांनी केलं, आणि समितीतल्या इतरांच्या गैरहजेरीमुळे तो भार त्यांच्यावर कसा पडला हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी 5 नोव्हेंबर 1948 ला सभागृहातच सांगितलं आहे.

एखाद्या सभासदाचं भाषण म्हणजे कलमाचा अर्थ, असं लिहू नका. करीमुद्दीन यांचं भाषण वाचून "संविधान सभेला ड्यू प्रोसेस हवं होतं" असं एका उत्तरपत्रिकेत आलं होतं. सभेने तर ती दुरुस्ती फेटाळली. वहीतला तिसरा रकाना रिकामा राहिला की हे असं होतं.

"दुरुस्ती" हा शब्द दोन अर्थांनी येतो. 1948-49 ची दुरुस्ती म्हणजे मसुद्यावर सुचवलेला बदल. 1950 नंतरची घटनादुरुस्ती म्हणजे लागू असलेल्या संविधानात केलेला बदल. टिपणात कोणती ते स्पष्ट करा.

आणि एक: संविधान सभा स्वातंत्र्यानंतर देशाचं कायदेमंडळ म्हणूनही बसत होती. त्या बैठका वेगळ्या. त्यांचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर होते आणि त्यांची कार्यवृत्तंही वेगळी छापली आहेत. मावळंकर पीठासीन असलेली चर्चा हाती आली, तर तुम्ही चुकीच्या खंडात आहात.

9. प्रत्यक्ष टिपण कसं लिहायचं

वही भरली की दहा-बारा वाक्यांत टिपण होतं. नमुना देते, पण हा जसाच्या तसा उतरवू नका. दुसरं कलम घेऊन याच पद्धतीने करा.

"आजचं कलम 21 हे 1948 च्या मसुद्यात कलम 15 होतं. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत क. मा. मुन्शी यांनी 'ड्यू प्रोसेस'चे शब्द सुचवले. मालमत्तेचा उल्लेख वगळून ते एप्रिल 1947 मध्ये संविधान सभेने मान्य केले. मसुदा समितीने त्याऐवजी 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती' असे शब्द घातले आणि स्वातंत्र्याआधी 'व्यक्तिगत' जोडलं. न्यायालयांना कायद्यांवर फार मोठा अधिकार मिळेल ही भीती आणि फाळणीनंतरची सुरक्षेची परिस्थिती ही त्यामागची कारणं होती. 6 डिसेंबर 1948 च्या चर्चेत करीमुद्दीन, भार्गव, मुन्शी यांनी जुने शब्द मागितले, अल्लादींनी विरोध केला. 13 डिसेंबरला आंबेडकरांनी दोन्ही बाजू मांडून निर्णय सभेवर सोडला आणि दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. टीकेनंतर 15 सप्टेंबर 1949 ला कलम 15 अ, म्हणजे आजचं 22, मांडलं गेलं. त्यात अटकेविषयीची संरक्षणं आली, पण प्रतिबंधक स्थानबद्धताही राहिली."

शिक्षकांनी "पुढे काय झालं" विचारलं तर दोन खटले पुरेत. 1950 मध्ये ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम 21 चे शब्द अक्षरशः वाचले: विधिमंडळाने कायदा केला, त्यात पद्धत सांगितली, ती पाळली, पुरे. करीमुद्दीन यांनी सांगितलेली भीती खरी ठरली. 1978 मध्ये मनेका गांधी यांच्या पासपोर्टच्या खटल्यात न्यायालयाने भूमिका बदलली आणि ती कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवीसुद्धा असली पाहिजे असं म्हटलं. कलमाचा एकही शब्द बदलला नव्हता. त्यामुळे टिपणात 1948 चं मतदान आणि 1978 चा निकाल वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा. एक सभेचा निर्णय आहे, दुसरा न्यायालयाचा.